चौदावी ओळ, पंधरावी ओळ: एका गैरहजेरीच्या वादाचा तपास

निकालात तिच्या एका विषयापुढे ‘गैरहजर’ आलं होतं. बाकीच्या सगळ्या विषयांत पास. वडील घेऊन आले तेव्हा ती काहीच बोलत नव्हती, तेच बोलत होते. “पेपर लिवलाय की ओ सर तिनं. बस आलीच नाही त्या दिवशी, मी स्वतः गाडीवरनं आणून गेटपाशी सोडलंय.”

खानापूर भागातलं खेडं, जुलै महिना आणि पदवीच्या सम सत्राची परीक्षा. त्या दिवसांत तिकडचे सखल पूल पाण्याखाली गेले की बस येत नाही, हे बेळगावकडच्या कुणाला सांगायला नको. कॉलेजचं म्हणणं मात्र एका ओळीचं होतं: हजेरीपत्रकावर ती गैरहजर आहे. तक्रार विद्यापीठाकडे गेली आणि तिघांची समिती नेमली गेली. मी त्या समितीत बाहेरच्या कॉलेजचा सदस्य होतो. कॉलेज, विद्यापीठ आणि माणसं यांची नावं मी इथे घेत नाही. त्या दोन मुलींना त्यांच्या ओळींच्या नंबरानेच ओळखू. तक्रार करणारी ती चौदावी, आणि हजेरीपत्रकावर तिच्या खालची ती पंधरावी. दोघींचंही आडनाव पाटील आणि दोघींच्या नावाचं पहिलं अक्षर ‘स’. आमच्या भागात एका वर्गात असे चार पाटील निघाले तरी नवल नाही.

आधी ते हजेरीपत्रक कसं असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रत्येक खोलीचं पत्रक छापूनच येतं. वर त्या पत्रकाचा स्वतःचा बारकोड असतो, ज्यात केंद्र, तारीख, विषय आणि खोली बांधलेली असते. खाली एकेका विद्यार्थ्याची ओळ: फोटो, रजिस्टर नंबर, नाव, सहीची चौकट आणि स्टिकरसाठी मोकळी जागा. उत्तरपत्रिकेवर तिचा नंबर बारकोडसकट छापलेला असतो आणि त्याच बारकोडचं एक सुटं स्टिकर सोबत येतं. सुपरवायझरने ते काढून त्या मुलाच्या ओळीत चिकटवायचं, मुलाने शेजारी सही करायची. उत्तरपत्रिकेच्या वरच्या पट्टीवर विद्यार्थी आपला रजिस्टर नंबर लिहितो, पण स्कॅन करताना ती पट्टी झाकली जाते. तपासणाऱ्याला फक्त बारकोड दिसतो. गुण त्या बारकोडवर चढतात, आणि तो बारकोड कुणाचा हे यंत्र फक्त हजेरीपत्रकावरून ठरवतं. म्हणजे स्टिकर एक ओळ खाली चिकटलं, तर गुण एक माणूस खाली जातात. मध्ये कुठेही कुणी विचारत नाही.

खोली क्रमांक 7 च्या पत्रकात 30 ओळी होत्या. चौदाव्या ओळीत लाल शाईने गैरहजर. पंधराव्या ओळीत सही आणि स्टिकर. बाविसाव्या ओळीत पुन्हा गैरहजर. एकूण 28 हजर, 2 गैरहजर, 28 उत्तरपत्रिका वापरलेल्या, 2 परत. बेरीज चोख जुळत होती, आणि त्यामुळेच चूक कुणाच्या नजरेला आली नव्हती. एक हजर मुलगी गैरहजर झाली आणि एक गैरहजर मुलगी हजर झाली, तर बेरजेत काहीच हलत नाही. परीक्षा विभागात रोज संध्याकाळी जी ‘टॅली’ करतात ती अशी चूक कधीच पकडणार नाही.

पंधरावीचा निकाल मागवला. तिला या विषयात 41 गुण होते. पहिले दोन पेपर तिने दिले होते, हा तिसरा, आणि यानंतरच्या सगळ्या पेपरांना ती गैरहजर. निरोप धाडला तर तिने साध्या कागदावर लिहून पाठवलं की दुसऱ्या पेपरानंतर मी आजारी पडले, तिसऱ्याला आलेच नव्हते. गुण कुठून आले तेही तिला ठाऊक नव्हतं. तिने तक्रार का केली नाही, असं समितीतल्या एकांनी विचारलं. फुकट मिळालेल्या 41 गुणांची तक्रार कोण करतं?

इथे प्रकरणाला वाईट वळण लागलं. पंधराव्या ओळीतली सही पहिल्या दोन पेपरांतल्या तिच्या सहीशी जुळत नव्हती. ती इंग्रजीत सही करायची आणि इथे देवनागरीत ‘स. पाटील’ असं होतं. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी लगेच सांगितलं, “हा डमीचा प्रकार आहे. चौदावीनं मैत्रिणीसाठी पेपर लिहिला आणि आता निकाल लागल्यावर आपलं नुकसान भरून मागतेय.” शंका अगदीच पोकळ नव्हती. पण डमीचा ठपका बसला तर त्या मुलीचं शिक्षण तिथेच थांबलं असतं, म्हणून मी पत्रक पुन्हा मागून घेतलं आणि स्टिकरांचे नंबर ओळीने वहीत उतरवले.

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा खोलीत येतो तो नंबरवार. या खोलीला 30 उत्तरपत्रिका मिळाल्या होत्या, शेवटचे तीन आकडे 081 ते 110. सुपरवायझर पहिल्या बाकापासून वाटत जातो. पहिल्या तेरा ओळींत 081 ते 093 होते. सोळाव्या ओळीत थेट 094. एकविसावीपर्यंत 099, बाविसावी गैरहजर, तेविसाव्या ओळीत 100 आणि तिसाव्या ओळीत 107. सगळे क्रमाने. आणि मधल्या पंधराव्या ओळीत 108.

पंधरावीच्या जागेवर कुणी सुरुवातीपासून बसलं असतं तर तिला 094 मिळायला हवा होता. 108 म्हणजे सगळ्यांना वाटून झाल्यावर गठ्ठ्यात जी पहिली उरली ती. वाटप चालू असताना चौदा आणि पंधरा ही दोन्ही बाकं रिकामी होती आणि नंतर कुणीतरी एकच जण उशिरा आलं, हे खोलीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग उघडण्याच्या आधीच त्या कागदावर लिहिलेलं होतं. वाटपाचा क्रम हे एक प्रकारचं घड्याळ असतं. फक्त ते किती वाजले ते सांगत नाही, आधी कोण आणि मागून कोण एवढंच सांगतं. (काही ठिकाणी मुद्दाम नंबर मिसळून गठ्ठे बांधतात, तिथे ही युक्ती चालत नाही. आणि वाटप आडवं झालं की उभं, ते आधी विचारून घ्यावं, नाहीतर भलताच अर्थ निघतो.)

मग कुलसचिव (मूल्यमापन) यांच्या परवानगीने 108 ची मूळ उत्तरपत्रिका काढून वरची पट्टी पाहिली. तिच्यावर चौदावीचा रजिस्टर नंबर होता, शाईत, खाडाखोड न करता. अक्षर तिच्या इतर उत्तरपत्रिकांशी जुळलं, देवनागरी सहीसुद्धा तिच्या बाकीच्या पेपरांतल्या सहीशी जुळली. मैत्रिणीसाठी लिहायला बसलेली मुलगी पट्टीवर स्वतःचा नंबर कशाला घालेल? डमीचा मुद्दा तिथे मिटला.

प्रकरण संपलं असं मला वाटलं होतं. पण खोलीवरच्या सुपरवायझरचा लेखी जबाब आला आणि वाद दुसऱ्याच जागी जाऊन बसला. त्यांनी लिहिलं होतं: नियमाप्रमाणे अर्धा तास वाट पाहून 10:30 ला मी गैरहजेरी मांडली. ही विद्यार्थिनी 10:35 च्या सुमारास आली. पावसात भिजलेली होती, दया येऊन बसू दिलं. गडबडीत सही खालच्या ओळीत झाली. पेपर दहाचा, आणि साडेदहानंतर कुणालाही आत घ्यायचं नाही हा नियम. हा जबाब खरा धरला तर उत्तरपत्रिका तिची असूनही तिचे गुण बाद होणार होते. आता प्रश्न ‘ती आली का’ हा राहिला नव्हता, ‘कधी आली’ हा होता. आणि त्याचं उत्तर द्यायला कागद अपुरा होता.

रेकॉर्डिंग उरलं होतं ही नशिबाची गोष्ट. आपल्याकडे बहुतेकांचा समज असतो की कॅमेरा आहे म्हणजे पुरावा आहे. कर्नाटकात 2024 च्या मार्चपासून दहावीच्या परीक्षेचं थेट वेबकास्टिंग सुरू झालं, तेव्हापासून तर हा समज आणखी पक्का झाला आहे. पण थेट पाहणं वेगळं आणि साठवून ठेवणं वेगळं. हिशोब सोपा आहे. साधा 2 मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला 2 मेगाबिट या दराने साठवत असेल तर दिवसाला साधारण 21 ते 22 जीबी खातो. आठ कॅमेरे म्हणजे 170 जीबीच्या वर. डीव्हीआरमध्ये 2 टीबीची डिस्क असेल तर अकरा-बारा दिवसांत ती भरते आणि सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं चढायला लागतं. निकाल लागला होता 47 दिवसांनी. गेटच्या कॅमेऱ्यात वडिलांची गाडी नक्की आली असणार, पण ते केव्हाच पुसलं गेलं होतं.

परीक्षेच्या खोल्यांचं तेवढं वाचलं, कारण ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी रोज पेपर सुटल्यावर फक्त परीक्षेच्या वेळेचं रेकॉर्डिंग वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलं होतं. साडेतीन तासांचं एका कॅमेऱ्याचं जेमतेम 3 जीबी होतं. त्यांना कुणी तसं लेखी सांगितलेलं नव्हतं. “कुणी मागितलं तर नको का ओ द्यायला?” एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी ते डीव्हीआरच्या बॅकअपमधून काढलं होतं, मॉनिटरसमोर मोबाईल धरून नव्हे. हसू नका, मोबाईलने काढलेलं ‘फुटेज’ मी दोनदा पुरावा म्हणून आलेलं पाहिलं आहे. एकात तर मागून चहा विचारल्याचा आवाज होता.

खोलीतला कॅमेरा दाराजवळच्या कोपऱ्यात, छताखाली, रुंद भिंगाचा. अशा कॅमेऱ्यात संपूर्ण खोली येते आणि त्याची किंमत चेहरे चुकवतात. अनोळखी माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा तर जिथे तो बसलाय तिथे एका मीटरला अडीचशे पिक्सेल तरी पडावे लागतात. सात मीटरवरच्या बाकावर इथे जेमतेम शंभर पडत होते. चेहरा म्हणजे पंधरा-सोळा ठिपक्यांचा डाग. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये ‘ही चौदावी आहे’ असं कुणीच शपथेवर सांगू शकत नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. ते काम पट्टीने आणि सहीने केलं होतं. कॅमेऱ्याला विचारायचं होतं फक्त दार कधी उघडलं.

दार उघडलं, एक मुलगी ओढणीने डोकं पुसत आत आली, सुपरवायझरने हॉल तिकीट पाहिलं, टेबलावरच्या गठ्ठ्यातून उत्तरपत्रिका दिली, आणि ती बैठक आराखड्याप्रमाणे चौदा नंबरच्या बाकावर जाऊन बसली. पंधरा नंबरचं बाक शेवटपर्यंत रिकामं. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ होती 10:35:12.

समितीत शांतता पसरली. सुपरवायझरचा जबाब मिनिटाला जुळला होता. ज्येष्ठ सदस्यांनी पेन उचललं. मला मात्र तो जबाब जरा जास्तच जुळतो असं वाटलं. सात आठवड्यांनी माणसाला ‘साडेदहानंतर’ आठवेल, ‘10:35’ कसं आठवेल? त्यांनी जबाब लिहिण्याआधी रेकॉर्डिंग पाहिलं होतं का, असं विचारलं. पाहिलं होतं. म्हणजे साक्षीदार दोन दिसत होते, पण घड्याळ एकच होतं.

डीव्हीआरच्या घड्याळावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये हे शिकायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. इंटरनेटला न जोडलेल्या डीव्हीआरचं घड्याळ दिवसाला सेकंद-दोन सेकंद सरकतंच. आतली छोटी बॅटरी मेली की लाईट गेल्यावर ते भलतीकडेच जातं. काही यंत्रं येतात ती चीनच्या वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. ती चूक निदान डोळ्यांत भरते. दहा-पंधरा मिनिटांची भरत नाही. कॉलेजात जाऊन डीव्हीआरची वेळ मोबाईलशी ताडली तर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे निघालं. पण ते आजचं झालं. परीक्षेच्या दिवशी ते किती पुढे होतं, हे आजच्या मापावरून सांगता येत नाही. त्यासाठी त्याच दिवसाची, त्याच रेकॉर्डिंगमधली, आणि जिची खरी वेळ दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे लिहून ठेवली आहे अशी एखादी घटना हवी.

ती मिळाली पंख्यांमुळे. रेकॉर्डिंग पुढे चालवताना एका क्षणी चारही पंखे मंदावत मंदावत थांबले. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाणं ही काही घटना नव्हे, पण परीक्षेच्या दिवशी ती नोंदवली जाते. कॅमेरे आणि डीव्हीआर यूपीएसवर असल्यामुळे रेकॉर्डिंग चालू राहिलं होतं. पडद्यावर वेळ होती 11:53. चीफ सुपरिटेंडेंटच्या रोजच्या डायरीत, त्याच दिवशीच्या शाईत, लिहिलेलं होतं: 11:40 वीज गेली, 11:52 जनरेटर सुरू. रेकॉर्डिंगमध्ये पंखे पुन्हा फिरायला लागले ते 12:05 ला. शेवटची घंटा डायरीप्रमाणे 1:00 ला, आणि पडद्यावर सगळी मुलं हात थांबवून उभी राहिली 1:13 ला. तीन ठिकाणी ताडलं, तिन्ही ठिकाणी तेरा मिनिटांचा फरक. एकाच ठिकाणी जुळलं असतं तर मी थांबलो नसतो, कारण मध्येच घड्याळ उडी मारून गेलेलं असू शकतं. तीन जागी तोच फरक आला म्हणजे त्या सकाळपुरतं ते उडालेलं नव्हतं.

10:35 मधून तेरा मिनिटं वजा करा. ती 10:22 ला आत आली होती.

मग रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहिलं. पडद्यावरच्या 10:28 ला, म्हणजे खऱ्या 10:15 ला, सुपरवायझर टेबलाशी बसून पत्रकावर काहीतरी लिहिताना दिसत होते. काय लिहिलं ते दिसत नाही, शाईचा रंगही दिसत नाही. पण गैरहजेरी अर्ध्या तासाच्या आत मांडून टाकायची सवय किती खोल्यांत असते ते परीक्षेच्या ड्युटीवर गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुढे स्क्वॉड येतं, पेपरांवर सह्या करत फिरायचं असतं, म्हणून आधीच उरकून घेतात. नियम आहे अर्धा तास थांबण्याचा. हे पुढ्यात ठेवल्यावर त्यांनी जबाब मागे घेतला नाही, पण ‘वेळ रेकॉर्डिंगवरून लिहिली होती’ एवढी पुरवणी जोडली.

इथे कायद्याचा थोडा भाग येतो. विद्यापीठाची समिती म्हणजे कोर्ट नव्हे, पण निर्णय कुणालाच पटला नसता तर प्रकरण धारवाड खंडपीठात गेलं असतं, म्हणून प्रत नीट तयार करणं भाग होतं. या बाबतीत मराठी वाचकांना जवळचा दाखला जालन्याचा आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीतल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हाच मुद्दा होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण त्यात पुढे आलं होतं. 14 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी, पण प्रत द्यायची असेल तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागतंच. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे आणि त्यातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाईलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. हॅश म्हणजे त्या फाईलचा अंगठा. आत एक बिट जरी बदललं तरी तो पूर्ण वेगळा येतो. साध्या विंडोज संगणकावर तो असा निघतो:

```
certutil -hashfile room7_cam1.avi SHA256
```

आम्ही क्लार्कबाईंच्या डिस्कवरच्या फाईलचा हॅश सगळ्यांसमोर काढून कागदावर उतरवला, सह्या घेतल्या, आणि मगच प्रत केली. एक कबूल केलं पाहिजे. हा हॅश त्या दिवसापासून पुढे फाईल बदलली नाही एवढंच सिद्ध करतो. आधीच्या सात आठवड्यांचं काय, याचं उत्तर फक्त ती डिस्क कुणाच्या कपाटात आणि किल्ली कुणाकडे, या क्लार्कबाईंच्या जबाबात होतं. परीक्षेच्या संध्याकाळीच हॅश काढला असता तर तोही प्रश्न उरला नसता.

घड्याळाची दुरुस्तीही आम्ही रेकॉर्डिंगवर केली नाही. मूळ चित्र जसंच्या तसं ठेवलं आणि तेरा मिनिटांचा हिशोब वेगळ्या पानावर, डायरीच्या छायाप्रतीसह जोडला. वेळ ‘बरोबर करून’ दिलेली फाईल कुठल्याही वकिलाच्या हाती आयतं कोलीत देते.

मुलीला आणि तिच्या वडिलांना बोलावून रेकॉर्डिंग दाखवलं. आरोप ज्याच्यावर आहे त्याला पुरावा दाखवायचाच असतो, आणि दाखवलं तेही मध्ये न कापता. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, “सर, मी सही करताना त्यांनीच बोट ठेवून दाखवलेलं कुठं करायची ते.” आम्ही तो क्षण चारदा पाहिला. सुपरवायझरचा हात पत्रकावर दिसतो, बोटही दिसतं. कुठल्या ओळीवर आहे ते दिसत नाही. कॅमेऱ्याला एक ओळ म्हणजे जेमतेम एक-दोन ठिपके होते. अहवालात आम्ही लिहिलं की चुकीच्या ओळीत सही कुणामुळे झाली हे उपलब्ध पुराव्यावरून ठरवता येत नाही. ज्येष्ठ सदस्यांना ते वाक्य नको होतं, मला हवं होतं, आणि ते राहिलं.

41 गुण चौदाव्या ओळीत आले. पंधरावी त्या विषयात गैरहजर झाली आणि पुढच्या सत्रात तिने तो पेपर दिला. सुपरवायझरना वेळेआधी गैरहजेरी मांडल्याबद्दल लेखी समज मिळाली.

त्या कॉलेजात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते नेमकं कॅमेऱ्याच्या खाली टांगलेलं. मी नंतर दुसऱ्या कामासाठी तिकडे गेलो तेव्हा परीक्षा चालू होती. फळ्यावर खडूने वीतभर उंचीचे आकडे लिहिलेले दिसले: 10:00. दर अर्ध्या तासाला सुपरवायझर ते पुसून नवी वेळ लिहितात, आणि लिहून झालं की दोन पावलं बाजूला सरकून उभे राहतात, कॅमेऱ्याला फळा दिसावा म्हणून.